सात दिवसांची सरासरी आणि एक २६ जुलै

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. सरासरीचा स्वभाव ओळखायला ही दोन आकड्यांची जोडी छान उपयोगी पडते.

समजा, आपल्याकडे साध्या पावसाळी सहा दिवसांची नोंद आहे: १२, ३०, ५, ४१, २० आणि १८ मिलिमीटर. (हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत.) बेरीज १२६, सरासरी २१. सातव्या दिवशी कुलाब्याचे ७३ मिळवले, तर सरासरी २८ च्या जरा वर जाते. ७३ ऐवजी ९४४ मिळवले, तर ती थेट १५३ वर पोहोचते.

असं का होतं? नव्या आकड्यातले पहिले २१ जुन्या सरासरीइतकेच आहेत, त्यांनी काहीच हलत नाही. हलवतात ते वरचे ९२३. सरासरी काढताना हे जास्तीचे मिलिमीटर सातही दिवसांना सारखे वाटले जातात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास १३२ येतात. उडी तेवढीच: २१ अधिक १३२.

यादी छोटी असली की वाटेकरी कमी, म्हणून वाटा मोठा. तेच ९४४ आधीच्या नव्व्याण्णव दिवसांत मिसळले आणि त्यांचीही सरासरी २१ असली, तर ९२३ शंभरांत वाटले जातील आणि सरासरी ३० च्या आसपास थांबेल. म्हणजे मोठ्या यादीतही धक्का बसतोच, फक्त सौम्य. आकडा अजून मोठा असता, तर तीही हवी तितकी वर गेली असती.

आता १५३ हा आकडा नीट बघा. सातपैकी सहा दिवस त्याच्या खूप खाली आहेत, आणि सातवा त्याच्या कितीतरी वर. १५३ च्या जवळपासचा पाऊस एकाही दिवशी पडलेला नाही! अशी शंका आली की एकेक आकडा झाकून सरासरी पुन्हा काढावी. ४१ झाकला तर सरासरी उलट १७१ च्या पुढे जाते, म्हणजे जेमतेम १९ चा फरक. ९४४ झाकला की ती परत २१ वर कोसळते. यादीची सूत्रं कोणाच्या हाती आहेत, ते इथे कळतं.

मध्यक मात्र शांत राहतो. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा, मधले दोन असतील तर त्यांची सरासरी. सहा दिवसांचा १९ येतो, ९४४ धरून २०. तिथे ९४४ च्या जागी ९४४० लिहिले गेले तरी २० च राहील, कारण मध्यक शेवटच्या आकड्याची फक्त जागा बघतो, आकार नाही.

म्हणून सरासरी टाकाऊ ठरत नाही. आठवडाभरात एकूण किती पाणी पडलं हे हवं असेल, तर १५३ ला सातने गुणा, १०७० च्या आसपास उत्तर येतं. मध्यकाच्या २० वरून विचाराल, तर १४० मिलिमीटर सांगेल, आणि पूर आलाच नाही असं वाटेल.