नोकरी बदलली त्या वर्षीचा फॉर्म १६ कसा वाचायचा

पगारातून आयकर कापणाऱ्या मालकाने वर्ष संपल्यावर कर्मचाऱ्याला जे प्रमाणपत्र द्यायचे असते, तो फॉर्म १६. वर्षभर एकाच ठिकाणी नोकरी केली असेल तर तो वाचणे सोपे असते. गोंधळ होतो तो मधेच नोकरी बदलली की, आणि त्यातल्या एका चुकीमुळे हजारो रुपये व्याजासकट भरावे लागतात. म्हणून इथे तेच उदाहरण घेतो. वर्ष २०२५-२६, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२६-२७, आणि करप्रणाली नवीन.

समजा, एप्रिल ते सप्टेंबर तुम्ही पहिल्या कंपनीत महिना १,२०,००० रुपयांवर होता. ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत महिना १,३५,००० मिळू लागले. पहिल्या कंपनीने वर्षभराचा अंदाज १४,४०,००० धरून दरमहा ७,३४५ रुपये कर कापला, सहा महिन्यांत ४४,०७०. नोकरी सोडताना तिने हिशेब पुन्हा केला नाही. दुसऱ्या कंपनीला तुम्ही आधीचा पगार सांगितला नाही. तिने सहा महिन्यांचे ८,१०,००० एवढेच तुमचे वर्षाचे उत्पन्न समजले. ते करमाफीच्या मर्यादेत बसले, आणि तिने एक रुपयाही कापला नाही.

आता पहिल्या कंपनीचा फॉर्म १६ उघडा. तो १५ जूनपर्यंत मिळायला हवा. त्याचे दोन भाग असतात आणि ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. भाग अ सांगतो, किती कर कापला आणि सरकारकडे भरला. भाग ब सांगतो, या पगारावर कर किती होतो. हे दोन आकडे एकच असतात असे अनेक जण धरून चालतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

भाग ब मध्ये सर्वात वर एकूण पगार असतो. मूळ वेतन ६०,०००, घरभाडे भत्ता ३०,००० आणि विशेष भत्ता ३०,००० असे तुमच्या पगारपत्रकावर वेगवेगळे दिसतात, पण इथे ते कलम १७(१) च्या एकाच ओळीत येतात: सहा महिन्यांचे ७,२०,०००. कंपनीने दिलेली गाडी किंवा घर यांसारख्या सुविधांचे मूल्य खालच्या वेगळ्या ओळीत असते. नियुक्तिपत्रातला सीटीसीचा आकडा इथे शोधू नका. त्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते, आणि ती रक्कम सहसा या ओळीत येत नाही.

त्याखाली कलम १० चे करमुक्त भत्ते. नवीन प्रणालीत घरभाडे भत्ता करमुक्त नाही, म्हणून तुमच्या फॉर्मवर इथे शून्य दिसेल. जुन्या प्रणालीत मात्र ही ओळ महत्त्वाची ठरते. महिना २५,००० भाडे देत असाल तर तीन रकमा काढायच्या: मिळालेला भत्ता ३०,०००, भाड्यातून मूळ वेतनाचे दहा टक्के वजा करून उरणारे १९,०००, आणि मुंबईत राहत असाल तर मूळ वेतनाच्या निम्मे, म्हणजे ३०,०००. यातली सर्वात लहान रक्कम करमुक्त, म्हणजे महिना १९,०००. भाडेपावत्या कंपनीला वेळेत दिल्या नाहीत म्हणून ही ओळ रिकामी राहिली, तरी जुनी प्रणाली निवडून विवरणपत्रात तो दावा करता येतो. पुरावे मात्र जपून ठेवा.

मग येते ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट. व्यवसाय कर पगारातून दरमहा कापला गेला असला, तरी नवीन प्रणालीत त्याची वजावट मिळत नाही. उरले ६,४५,०००. पुढे कराचे गणित होते, आणि कलम ८७अ ची सवलत लागून कर शून्य येतो.

इथे थांबून नीट पाहा. भाग ब म्हणतो कर शून्य, भाग अ म्हणतो ४४,०७० कापले. एवढाच कागद पुढे ठेवून विवरणपत्र भरले तर स्क्रीनवर ४४,०७० रुपयांचा परतावा दिसतो. तो तुमचा नाही. त्यात वर्षाचा निम्मा पगार धरलेलाच नाही. दुसऱ्या कंपनीने कर कापला नाही, त्यामुळे फॉर्म १६ देण्याची सक्ती तिच्यावर नाही. तिचा कागद हातात नाही म्हणून तो पगार नजरेतून सुटतो. पण तो आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसू शकतो.

खरा हिशेब दोन्ही पगार एकत्र करूनच होतो. ७,२०,००० आणि ८,१०,००० मिळून १५,३०,०००. प्रमाणित वजावट वर्षात एकदाच, कंपन्या कितीही असोत. उरले १४,५५,०००. पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, आणि राहिलेल्या २,५५,००० वर १५ टक्क्यांनी ३८,२५०. एकूण ९८,२५०, त्यावर ४ टक्के उपकर ३,९३०. कर झाला १,०२,१८०. त्यातून कापलेले ४४,०७० वजा केले की भरायचे राहतात ५८,११०. ही रक्कम १०,००० च्या वर असल्याने ती वर्षभरात आगाऊ कर म्हणून भरायला हवी होती. जुलैमध्ये भरलीत तर कलम २३४ब आणि २३४क खालचे व्याज मिळून सुमारे ५,२५० रुपये आणखी जातात. उशीर होईल तसे दर महिन्याला एक टक्का वाढत जाते.

ते ४४,०७० वजा करण्याआधी भाग अ तपासा. त्यात दर तिमाहीला कापलेली आणि भरलेली रक्कम, चलनाचा क्रमांक आणि तारीख असते. चलन जुळले असेल तर स्थितीच्या रकान्यात F दिसतो. incometax.gov.in वर `View Form 26AS` मधून तुमच्या पॅनवर जमा झालेला कर काढा आणि तिमाहीगणिक ताडून पाहा. पगारपत्रकावर कपात आहे पण २६एएसमध्ये नाही, तर कंपनीने एकतर कर भरला नाही किंवा तुमचा पॅन चुकीचा दिला. दोन्ही बाबतींत दुरुस्त विवरण तिलाच दाखल करावे लागते, म्हणून लेखी ईमेल करा आणि पगारपत्रके सांभाळा. पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेपुरता तो तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असे कलम २०५ सांगते. हे पटवायला कपातीचा पुरावा तुमच्याच हाती असावा लागतो.

कागद फार लागत नाहीत. पहिल्या कंपनीचा फॉर्म १६ आणि अंतिम हिशेबाचे पत्रक, दुसऱ्या कंपनीची सहा पगारपत्रके, २६एएस, एआयएस, आणि व्याज जमा झालेल्या बँक खात्यांचे तपशील. बाकी कर `e-Pay Tax` मध्ये `Self-Assessment Tax` निवडून भरा, चलनाचा तपशील विवरणपत्रात टाका, आणि ते ३१ जुलैपर्यंत दाखल करा.

नोकरी बदलतानाच फॉर्म १२ब भरून पहिल्या कंपनीचा पगार आणि कापलेला कर दुसऱ्या कंपनीला कळवला असता, तर तिने हेच ५८,११० ऑक्टोबर ते मार्च दरमहा ९,६८५ असे कापले असते आणि व्याज लागले नसते. तिने दिलेल्या फॉर्म १६ मध्ये ‘इतर मालकाकडून मिळालेला पगार’ या ओळीत ७,२०,००० आले असते. यंदा नोकरी बदलली असेल तर सर्वात आधी हीच ओळ शोधा. ती रिकामी असेल, तर वरचा सगळा हिशेब तुम्हाला स्वतः करायचा आहे.