मेदपचन : पित्तलवणे, पायसीकरण आणि स्वादुपिंडातील लायपेज

आहारातील तेल, तूप व इतर स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, तर त्यांचे विघटन करणारे एंझाइम पाण्यातच काम करते. या अडचणीतून मार्ग काढणारी, मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात घडणारी प्रक्रिया म्हणजे मेदपचन. त्यात यकृताने तयार केलेली पित्तलवणे आणि स्वादुपिंडाने स्रवलेले लायपेज हे एंझाइम यांचा वाटा प्रमुख असतो. बोलीभाषेत ‘पित्त झाले’ म्हणताना बहुधा जठरातील आम्ल अभिप्रेत असते. येथील पित्त म्हणजे यकृतातून येणारा, किंचित अल्कधर्मी, हिरवट-पिवळा व कडू रस होय. ओकारीत शेवटी पडणारे कडू पाणी मात्र खरोखर हेच पित्त असते.

‘पित्तामुळे चरबी पचते’ हे शालेय विधान अर्धेच खरे आहे. पित्तात मेदाचे विघटन करणारे एंझाइम नसते. पित्तलवणे विघटनापूर्वी मेदाचे थेंब बारीक ठेवण्यास मदत करतात आणि विघटनानंतर तयार झालेला माल आतड्याच्या भिंतीपर्यंत वाहून नेतात. मधल्या टप्प्यात, म्हणजे प्रत्यक्ष विघटनात, ती एकटी असल्यास लायपेजच्या आड येतात. ही विसंगती उलगडायला सुमारे सव्वाशे वर्षे लागली.

पित्त की स्वादुपिंडरस, हा वाद : स्वादुपिंडाच्या अर्काने तेलाचे पायस, म्हणजे पाण्यात विखुरलेल्या बारीक थेंबांचे दुधाळ मिश्रण, बनते, असे योहान एबर्ले यांनी 1834 मध्ये नोंदवले होते. तरीही या शोधाचे श्रेय सहसा फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांना दिले जाते आणि पुराव्याच्या दर्जाचा विचार करता ते योग्यच वाटते. सशामध्ये पित्तनलिका आतड्याच्या अगदी सुरुवातीस उघडते, तर स्वादुपिंडनलिका त्याच्या सुमारे 30 ते 35 सेंमी. खाली उघडते. स्निग्ध आहारानंतर सशाचे पोट उघडून पाहिले असता शोषलेला मेद वाहून नेणाऱ्या आतड्यालगतच्या लसीकावाहिन्या स्वादुपिंडनलिकेच्या खालीच दुधाळ दिसल्या. त्यावरील भागात पित्त मिसळलेले असूनही त्या स्वच्छ होत्या. 1840 च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या या निरीक्षणावरून, मेदाचे पचन स्वादुपिंडरस करतो, पित्त नव्हे, असा निष्कर्ष बेर्नार यांनी काढला.

त्यांचेच शिष्य आल्बेर दास्त्र यांनी 1890 च्या सुमारास कुत्र्यावर नेमका उलटा प्रयोग केला. नेहमीची पित्तनलिका बंद करून त्यांनी पित्ताशय आतड्याच्या बऱ्याच खालच्या भागाला जोडले. आता स्वादुपिंडरस वर आणि पित्त खाली मिसळू लागले. या वेळी पित्त मिसळण्याच्या जागेखालीच लसीकावाहिन्या पांढऱ्या झाल्या. दोन्ही प्रयोग एकत्र वाचल्यास दोन्ही रसांची गरज स्पष्ट होते. तरी मेद पूर्ण विघटित होऊन शोषला जातो की बारीक थेंबांच्या रूपातच आत शिरतो, हा वाद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू राहिला. दुसरे मत इंग्लंडमध्ये ए. सी. फ्रेझर यांनी हिरिरीने मांडले होते. आज त्याला फारसे पाठीराखे उरलेले नाहीत.

पायसीकरण : पायस हा शब्द दुधावरून आला आहे आणि दूध हेच पायसाचे सर्वांत ओळखीचे उदाहरण आहे. पायसीकरणाचा लाभ हिशेब केल्याशिवाय नीट लक्षात येत नाही. 10 ग्रॅ. शेंगदाणा तेलाचे आकारमान सुमारे 11 मिलि. असते. त्याचा एकच गोल थेंब कल्पिला, तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम 24 चौ. सेंमी. भरेल. तेच तेल 1 मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबांत विभागले की एकूण पृष्ठभाग 66 चौ. मी. होतो, म्हणजे सुमारे 700 चौ. फुटांच्या सदनिकेएवढा. लायपेज फक्त तेल आणि पाणी यांच्या सीमेवर काम करू शकत असल्याने ही सुमारे 27,000 पट वाढ हेच खरे भांडवल होय.

हे काम एकट्या पित्तलवणांचे नाही, हे बहुतेक पाठ्यपुस्तकांत निसटते. थेंब मोडण्याचे यांत्रिक काम जठराच्या घुसळण्यातून सुरू होते. जठरातील लायपेज प्रौढांमध्ये 10 ते 30 टक्के मेदाचे आंशिक विघटन करते आणि त्यातून सुटलेली मेदाम्ले थेंबांना स्थिर करू लागतात. हीच मेदाम्ले आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, पोचली की कोलेसिस्टोकायनीन हे हॉर्मोन स्रवते. त्याच्या प्रभावाने पित्ताशय आकुंचन पावते आणि स्वादुपिंड एंझाइमे सोडते. शुद्ध पित्तलवणे तशी दुबळी पायसकारके आहेत. पित्तातील लेसिथीन आणि विघटनातून निघणारी मोनोग्लिसराइडे यांच्या जोडीने मात्र ती प्रभावी ठरतात.

याचे कारण त्यांच्या रेणूच्या घडणीत आहे. साबणाच्या रेणूला जलस्नेही डोके आणि जलद्वेषी शेपूट असते. पित्तलवणाचा रेणू त्याऐवजी चपट्या पाटीसारखा असून त्याची एक बाजू पाण्याकडे, तर दुसरी तेलाकडे ओढ घेते. यकृत तो कोलेस्टेरॉलपासून बनवते आणि त्याला ग्लायसीन किंवा टॉरीन जोडते. या जोडणीमुळे आतड्यातील सौम्य आम्लतेतही तो विद्राव्य राहतो.

लायपेज व कोलायपेज : मेदाचा नेहमीचा रेणू ट्रायग्लिसराइड होय. त्यात ग्लिसरॉलच्या कण्यावर तीन मेदाम्ले बसलेली असतात. स्वादुपिंडातील लायपेज पहिल्या व तिसऱ्या स्थानावरील मेदाम्ले तोडते, मधले तसेच ठेवते. त्यामुळे एका रेणूपासून दोन मेदाम्ले आणि एक 2-मोनोग्लिसराइड मिळते. विघटन पूर्ण होत नाही, पण शोषणापुरते पुरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्रयोगांत स्वादुपिंडरसात पित्त मिसळले की मेदविघटन वेगाने होते असे दिसले होते. पुढे लायपेज शुद्ध करता येऊ लागले, तेव्हा उलटे घडले : शुद्ध एंझाइमात आतड्यात असतात तेवढी पित्तलवणे घातली की क्रिया जवळजवळ थांबे. निरीक्षणे दोन्ही बरोबर होती. पित्तलवणे थेंबाच्या पृष्ठभागावर दाटीने बसतात आणि लायपेजला तेथून हुसकावून लावतात. कच्च्या रसात यावर उतारा असणारे एक लहान प्रथिन होते, ते शुद्धीकरणात गळून गेले होते. उष्णतेने न बिघडणाऱ्या अशा सहघटकाचे अस्तित्व 1963 मध्ये बास्किस, क्लाइन व लीव्हर यांनी दाखवले. 1970 च्या दशकाच्या आरंभी मार्सेय व लुंड येथील गटांनी ते वेगळे करून त्याचा सखोल अभ्यास केला. त्याला कोलायपेज म्हणतात.

कोलायपेज सुमारे 10,000 रेणुभाराचे असून निष्क्रिय रूपात स्रवते. ट्रिप्सीन हे प्रथिने तोडणारे एंझाइम त्याच्या टोकाचा छोटा तुकडा कापते आणि ते कामाला लागते. ते एका बाजूने पित्तलवणांनी झाकलेल्या पृष्ठभागाला चिकटते आणि दुसऱ्या बाजूने लायपेजच्या एका रेणूला धरून ठेवते. जणू होडी धक्क्याला बांधण्याचा दोरच. मानवी लायपेजची त्रिमितीय रचना 1990 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत क्रियास्थानावर एक झाकण आढळले. पाण्यात ते बंद असते. नंतर कोलायपेजसह मिळालेल्या रचनांत हे झाकण बाजूला सरकलेले दिसले आणि उघडल्यावर ते कोलायपेजलाही टेकते. शुद्ध पाण्यात विरघळलेले लायपेज इतके मंद का असते, याचा उलगडा त्यातून झाला.

मिसेल आणि अभिशोषण : तयार झालेली मेदाम्ले व मोनोग्लिसराइडे पृष्ठभागावरच साचली, तर क्रिया गुदमरेल. पित्तलवणे ती उचलून मिसेल नावाच्या, काही नॅनोमीटर आकाराच्या पुंजक्यांत सामावतात. ॲलन हॉफमन व बेंग्ट बोर्गस्ट्रम यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी जेवणानंतर माणसाच्या आतड्यातून काढलेला द्रव अपकेंद्रित्रात फिरवला. तेव्हा वर तेलाचा थर आणि खाली निवळ मिसेलयुक्त भाग वेगळा झाला व विघटित मेद त्या खालच्या भागात आढळला. मिसेलबरोबर मोठ्या पडदायुक्त पुटिकाही असतात, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. त्यांचा नेमका वाटा किती, यावर मतभेद आहेत. दोन्ही रूपे शेजारी नांदतात हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

आतड्याच्या भिंतीलगतच्या संथ जलस्तरातून मिसेल मेदाम्ले पार नेतात. पित्तलवणे पेशीत मेदाबरोबर शिरत नाहीत, ती पुढच्या फेरीसाठी मागे राहतात. हे आवश्यकच आहे. वरील 10 ग्रॅ. तेलापासून सुमारे 34 मिलिमोल माल निघतो, तर शरीरातील पित्तलवणांचा सर्व साठा सुमारे 3 ग्रॅ., म्हणजे 6 मिलिमोल इतकाच असतो. दिवसाला 60 ग्रॅ. मेद खाल्ल्यास हाच साठा सुमारे 200 मिलिमोल माल वाहतो. शेषांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, सुमारे 95 टक्के पित्तलवणे पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. दिवसभरात अशा सहा ते दहा फेऱ्या होतात. पेशीच्या आत ट्रायग्लिसराइड पुन्हा जुळते, कायलोमायक्रॉन नावाच्या मेदकणांत बांधले जाते आणि लसीकेत उतरते. बेर्नार यांना दिसलेला दुधाळपणा तो हाच. आखूड साखळीची मेदाम्ले मात्र थेट यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिका नीलेच्या रक्तात जातात.

बिघाड : क्षय किंवा क्रोन रोगामुळे शेषांत्राचा शेवटचा 150 सेंमी. भाग काढलेला रुग्ण हे बोधक उदाहरण होय. स्वादुपिंड शाबूत, लायपेज भरपूर, तरीही मल पातळ, फिकट, चिकट व दुर्गंधीयुक्त होतो. पित्तलवणे परत न येता मोठ्या आतड्यात वाहून जातात. यकृत निर्मिती कित्येक पटींनी वाढवते, पण तिला मर्यादा आहे. रात्रभरात पित्ताशयात काही साठा जमतो म्हणून सकाळचा आहार त्यातल्या त्यात बरा पचतो. संध्याकाळपर्यंत साठा आटतो. काढलेला भाग 100 सेंमी.हून कमी असेल तर तूट सहसा भरून निघते. मग त्रास मुख्यतः मोठ्या आतड्यात शिरलेल्या पित्तलवणांमुळे होणाऱ्या जुलाबांचा असतो व पित्तलवणे बांधणारे कोलेस्टायरामीन उपयोगी पडते. तेच औषध लांब छेदानंतर दिले, तर उरलीसुरली पित्तलवणेही अडकतात आणि मलातील मेद वाढतो. अशा रुग्णांत न शोषलेली मेदाम्ले कॅल्शियमला बांधून ठेवतात. एरवी कॅल्शियमशी बांधले जाणारे आहारातील ऑक्झॅलेट त्यामुळे मोकळे राहते आणि ते शोषले जाऊन मुतखडे होऊ शकतात.

लायपेजच्या बाजूला राखीव क्षमता मोठी आहे. स्राव नेहमीच्या सुमारे दहाव्या भागाखाली घसरेपर्यंत मलात लक्षणीय मेद दिसत नाही, म्हणून दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात तो उशिरा आढळतो. पीएच 4 च्या खाली लायपेज कायमचे निकामी होते. म्हणूनच तोंडावाटे द्यायच्या स्वादुपिंड-एंझाइमांच्या कणांवर आम्लरोधक आवरण असते व ती कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची असते.

निदानासाठी रोज 100 ग्रॅ. मेदाचा आहार देऊन तीन दिवसांचा मल गोळा करतात. दिवसाला 7 ग्रॅ.पेक्षा जास्त मेद असल्यास शोषणात दोष आहे असे मानतात. मात्र दोष कोठे आहे, हे त्यावरून कळत नाही. मेद रंगवणाऱ्या सूदान रंजकाने सूक्ष्मदर्शकाखाली न तुटलेल्या मेदाचे थेंब बहुसंख्य दिसल्यास संशय लायपेजवर जातो, मेदाम्ले अधिक असल्यास पित्तलवणांवर किंवा आतड्याच्या भिंतीवर. मोठ्या आतड्यातील जीवाणूही मेदाचे काही विघटन करतात, त्यामुळे हा भेद फार काटेकोर मानता येत नाही.