पीएनजी दिली तरी प्रेसवाले क्लिपिंग पाथ का मागतात?

"मागची पार्श्वभूमी काढून पीएनजी पाठवली आहे, आता आणखी काय पाहिजे?" कॅटलॉगच्या प्रत्येक कामात हा प्रश्न येतोच, आणि त्यामागचा घोळ एकच असतो: पार्श्वभूमी दिसत नाही म्हणजे पीएनजी आणि क्लिपिंग पाथची फाइल सारख्याच. पडद्यावर त्या सारख्या दिसतात. कागदावर दिसत नाहीत.

पीएनजी सगळ्यांच्या हाताखालची आहे. वेबसाइटला, मोबाइलवर पाठवायला ती उत्तम. तिच्यात सीएमवायके रंग बसत नाहीत, म्हणून छपाईआधी रूपांतर करावं लागतं. पण ती अडचण किरकोळ आहे. खरी गोष्ट कडेची आहे.

मिरजेचा एक तानपुरा घ्या. पांढऱ्या कापडावर समोरून फोटो काढला, वाद्याची उंची 2400 पिक्सेल आली, आणि कॅटलॉगच्या मरून पानावर तो 200 मिलिमीटर उंच छापायचा आहे. म्हणजे एका मिलिमीटरात 12 पिक्सेल. भोपळ्याची गोल कड पीएनजीत एक-दोन अर्धपारदर्शक पिक्सेलांनी बनलेली असते, आणि त्या पिक्सेलांत भोपळ्याच्या तपकिरीबरोबर कापडाचा पांढराही मिसळलेला असतो. पांढऱ्या पानावर हा पांढरा लपतो. मरून पानावर तोच भोपळ्याभोवती फिकट दोऱ्यासारखा उठून दिसतो.

शिवाय ऑफसेटला अर्धपारदर्शक असं काही छापता येत नाही. फिकेपणा जाळीच्या लहान-मोठ्या ठिपक्यांनीच दाखवावा लागतो. इंचाला 150 लाइनच्या जाळीत एका मिलिमीटरात साधारण सहा ठिपके बसतात. दोन पिक्सेलांची मऊ कड म्हणजे जेमतेम एका ठिपक्याची जागा. तिथे ठिपका कुठे मोठा पडतो, कुठे नावापुरता, आणि गोलाई कुरतडल्यासारखी दिसते. हाच फोटो मोठ्या पोस्टरवर 400 मिलिमीटर केला की प्रत्येक पिक्सेल दुप्पट होतो, आणि कडही दुप्पट भोंगळ.

क्लिपिंग पाथ ही पिक्सेलांची कड नाही, ती रेघ आहे. फोटो अखंड राहतो, कापडासकट. "या रेघेच्या आत छाप, बाहेर नको" एवढी सूचना त्याच्यासोबत जाते. प्लेट काढताना ती रेघ प्लेटच्या रिझोल्यूशनवर कापली जाते. 2400 डीपीआयला ते मिलिमीटरला सुमारे 94 ठिपके होतात, फोटो कितीही मोठा केला तरी तेवढेच. आतला फोटो मोठा केल्यावर मऊ पडेल, कड पडणार नाही. आणि रेघ चुकली असेल तर प्रेसमधला माणूस एखादा बिंदू सरकवून ती सुधारू शकतो. पीएनजीत खोडलेला भाग बहुतेक वेळा परत मिळत नाही.

रेघ फोटोशॉपच्या पेन टूलनेच काढावी, दिसणाऱ्या कडेपासून एक पिक्सेल आत, म्हणजे कापडाचा पांढरा बाहेरच राहतो. गोलाईवर बिंदू जितके कमी तितकी ती सुरेख. आधी सिलेक्शन करून Make Work Path दाबणं मला अजिबात मान्य नाही: शेकडो बिंदू आणि थरथरती रेघ मिळते, तिच्यापेक्षा पीएनजी बरी. पाथ Save Path ने नाव देऊन ठेवा, मग Paths पॅलेटच्या मेनूतून Clipping Path निवडा, आणि Flatness ची चौकट रिकामी सोडा. फाइल टिफ किंवा पीएसडी. इनडिझाइनमध्ये Object > Clipping Path > Options मध्ये Photoshop Path निवडल्यावर तुमचं नाव दिसलं, तर पाथ नीट गेला आहे.

बाजूने काढलेला फोटो मात्र टाळा. तिथे तारा आणि दांडी यांच्यामध्ये पोकळी दिसते, तिला वेगळी रेघ लागते. आणि खुद्द तार फोटोत एका पिक्सेलाहूनही बारीक असते, तिला कोणताच पाथ नीट पकडत नाही. समोरून तारा वाद्याच्या अंगावरच येतात आणि प्रश्नच मिटतो. गवसणीच्या झालरीचे सुटे धागे दाखवायचे असतील तर तिथे पाथ हट्टाने लावू नका. लेअर मास्क असलेली पीएसडी द्या. सावलीही पाथने कापली जाते, म्हणून ती वेगळ्या फाइलीत ठेवा आणि इनडिझाइनमध्ये फोटोखाली Multiply करून लावा.

"आमचा प्रेस पारदर्शकता घेतो" हे उत्तरही पुरेसं नाही. पीडीएफ/एक्स-1ए मध्ये पारदर्शकता चालत नाही, ती आधी सपाट करावी लागते, आणि त्यात फोटोजवळची अक्षरं कधी जाड होतात. पीडीएफ/एक्स-4 मध्ये ती चालते, म्हणून पीएनजी अडत नाही. पण भोपळ्याभोवतीचा तो फिकट दोरा दोन्हींत तसाच राहतो.