सर्वेक्षणातील प्रोत्साहन

सर्वेक्षणातील प्रोत्साहन : प्रश्नावली भरून द्यावी किंवा मुलाखतीला होकार द्यावा यासाठी निवडलेल्या व्यक्तीला दिली जाणारी छोटी रक्कम वा वस्तू. देण्याच्या वेळेवरून तिचे दोन प्रकार पडतात. प्रश्नावलीच्या पाकिटातच नोट घालून पाठवली, उत्तर येवो वा न येवो, तर ते आगाऊ प्रोत्साहन. उत्तर आल्यावर देऊ असे कळवले तर ते सशर्त प्रोत्साहन. बोलण्यात दोन्हींना ‘मोबदला’ म्हणतात, पण आगाऊ प्रकाराला तो शब्द लागू पडत नाही. मोबदला कामाच्या बदल्यात मिळतो. इथे काम होण्याआधीच रक्कम हातात पडलेली असते आणि ती परत मागितली जात नाही.

हा भेद शब्दांपुरता नाही. टपाली सर्वेक्षणात पाकिटात नाणे घालण्याची प्रथा कोणी सुरू केली हे निश्चित सांगणे अवघड आहे, पण १९४० सुमाराच्या अमेरिकी प्रयोगांतच सोबत जोडलेल्या नाण्याने नुसत्या वायद्यापेक्षा कितीतरी जास्त उत्तरे आणल्याचे दिसते. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे जेम्स आणि बोल्स्टीन यांचा १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला, छोट्या बांधकाम कंत्राटदारांवरील प्रयोग. काहींच्या पाकिटात १ डॉलरची नोट होती, तर काहींना उत्तर पाठवल्यास ५० डॉलर देऊ असे लिहिले होते. १ डॉलरच्या गटातून आलेली उत्तरे ५० डॉलरच्या वायद्यापेक्षा जास्त भरली. ॲलन चर्च यांनी १९९३ मध्ये टपाली सर्वेक्षणांवरील ३८ अभ्यास एकत्र तपासले. आगाऊ रोख रकमेने प्रतिसाद दर सरासरी सुमारे १९ टक्के बिंदूंनी वाढल्याचे आणि आगाऊ वस्तूने सुमारे ८ बिंदूंनी वाढल्याचे त्यांना आढळले. नंतर देऊ केलेल्या प्रोत्साहनाचा म्हणण्याजोगा परिणाम दिसला नाही. मुलाखतकार घरी येतो किंवा फोन करतो तिथे वाढ याहून बरीच कमी असते. एलेनॉर सिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा ३९ प्रयोगांवरून काढलेला अंदाज दर डॉलरमागे सुमारे एक तृतीयांश टक्के बिंदू इतकाच आहे. तिथे मन वळवण्याचे बरेचसे काम मुलाखतकारच करत असतो, हे त्याचे एक कारण असावे.

आगाऊ एक डॉलर वायद्याच्या पन्नासांना का भारी पडतो, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एक मत निव्वळ आर्थिक आहे : उत्तरदाता आपला वेळ आणि रक्कम तोलून पाहतो. हे खरे असते तर पन्नास डॉलर जिंकायला हवे होते. दुसरे मत परतफेडीच्या सामाजिक संकेताचे. ॲल्विन गौल्डनर यांनी १९६० मध्ये मांडलेल्या या संकल्पनेनुसार ज्याने आपल्यासाठी काही केले त्याच्यासाठी आपणही काही करावे, अशी ओढ जवळजवळ सर्वत्र आढळते. डॉन डिलमन यांनी टपाली सर्वेक्षणाची पद्धत याच पायावर उभी केली. तिसरे मत साधे आहे. नोट दिसली की पाकीट कचऱ्यात जात नाही, पत्र वाचले जाते, आणि पाठवणाऱ्याने आपल्यावर आधी विश्वास टाकला हे कळते. दुसरे आणि तिसरे कारण एकमेकांना छेद देत नाही आणि पुराव्याशी दोन्ही जुळतात. पहिले मात्र मोठ्या रकमांच्या बाबतीतच थोडेफार उपयोगी पडते. परतफेडीच्या ओढीसाठी रक्कम लहान असणे सोयीचेच ठरते. ती मजुरी वाटण्याइतकी मोठी झाली की वाचणारा आपल्या तासाचा हिशेब करू लागतो.

दर वाढला म्हणजे माहिती सुधारली, असे मात्र नाही. सर्वेक्षणाच्या सरासरीतील अप्रतिसादाची चूक दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : उत्तर न देणाऱ्यांचे प्रमाण, आणि उत्तर देणारे व न देणारे यांच्या सरासरीतील फरक. प्रोत्साहन पहिली संख्या खाली आणते. दुसरी संख्या त्याच वेळी वर जाऊ शकते.

हे आकड्यांत पाहू. उदाहरण काल्पनिक आहे. वाचनाच्या सवयींवरची प्रश्नावली १,००० जणांना पाठवली. त्यांपैकी ३०० नियमित वाचक आहेत, ७०० नाहीत. म्हणजे खरे उत्तर ३० टक्के. काहीच न देता वाचकांपैकी निम्मे उत्तर पाठवतात, म्हणजे १५०. इतरांपैकी पाचवा हिस्सा, म्हणजे १४०. प्रतिसाद दर २९ टक्के येतो आणि उत्तरांत वाचकांचे प्रमाण जवळजवळ ५२ टक्के दिसते. विषयात रस असलेले लोक आपणहून पुढे येतात, त्यामुळे चित्र फुगते.

आता प्रत्येक पाकिटात छोटी नोट घातली. वाचक आधीच उत्तर द्यायला तयार होते, म्हणून ते थोडेच वाढतात, समजा १६५. ज्यांना विषयाचे काही पडले नव्हते त्यांना मात्र प्रथमच कारण मिळते आणि त्यांच्यातून २८० उत्तरे येतात. दर ४४.५ टक्के होतो, वाचकांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर उतरते, आणि आपण खऱ्या ३० च्या बरेच जवळ येतो.

नोटेऐवजी पुस्तकांवरच्या सवलतीची चिठ्ठी घातली तर? ती वाचकालाच हवीशी वाटेल. समजा २२५ वाचक आणि १६८ इतर उत्तर पाठवतात. दर ३९ टक्क्यांवर जातो, म्हणजे काही न देण्यापेक्षा दहा बिंदूंनी चांगला. वाचकांचे प्रमाण मात्र ५७ टक्के होते, म्हणजे काही न देण्यापेक्षाही वाईट. दोन्ही अहवालांत ‘प्रतिसाद वाढला’ हे वाक्य खरे असेल, पण माहिती एकातच सुधारलेली असेल. विषयाशी नाते सांगणारी भेट देऊ नये हा संकेत यातूनच आला आहे. रोख रक्कम सर्वांना साधारण सारखीच उपयोगी पडते, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू.

या विचाराला सैद्धांतिक रूप रॉबर्ट ग्रोव्ह्ज, सिंगर आणि एमी कॉर्निंग यांनी २००० मध्ये दिले. होकार देण्यामागे प्रत्येकाची कारणे वेगळी असतात, आणि आमंत्रणात ज्या कारणावर बोट ठेवले जाते तेच त्या क्षणी निर्णयावर भार टाकते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी आधीच्या एका मुलाखतीत लोक सार्वजनिक कामांत किती सहभागी असतात हे नोंदवून ठेवले होते. पुढे त्यांच्यापैकी काहींना ५ डॉलरसह आणि काहींना त्याशिवाय टपाली प्रश्नावली पाठवली. सहभाग कमी असलेल्यांवर पैशाचा परिणाम जास्त झाला, सहभाग जास्त असलेल्यांवर कमी. पैसा कर्तव्यबुद्धीची जागा घेतो, असे यावरून म्हणणे घाईचे ठरेल. जिथे ती बुद्धी नव्हती तिथे तो दुसरे कारण पुरवतो, एवढे म्हणता येते. याचे व्यवहारातले महत्त्व असे की प्रोत्साहन न दिल्यास जे वगळले जातात ते सहसा विषयाबाबत उदासीन असतात, आणि त्यांचे मत मोजले नाही तर कोणत्याही विषयाची आवड वास्तवापेक्षा जास्त भासते.

ओढून आणलेले हे लोक काळजीपूर्वक उत्तर देतात का? इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. एक, प्रोत्साहनामुळे मुळातच कमी उत्सुक लोक नमुन्यात आले का? दोन, त्याच माणसाने पैसे घेतल्यामुळे वेगळ्या रीतीने उत्तर दिले का? साध्या तुलनेत हे दोन्ही परिणाम एकत्र येतात. वरच्या उदाहरणात काही न देता आलेल्या २९० जणांनी ४० पैकी सरासरी २ प्रश्न कोरे सोडले आणि नोटेच्या गटातल्या ४४५ जणांनी २.६, असे धरू. पैशाने लोक निष्काळजी झाले असा निष्कर्ष लगेच निघेल. पण तशाच २९० जणांनी नोट मिळूनही २ च प्रश्न सोडले असतील, तर उरलेल्या १५५ जणांनी सरासरी ३.७ सोडले एवढाच त्याचा अर्थ होतो. कोणाचीच काळजी कमी झाली नाही, फक्त एरवी गप्प राहणारे बोलले. चाळिसातले तीन-चार प्रश्न जाऊ देत, त्यांची उरलेली ३६ उत्तरे अन्यथा मिळालीच नसती. दोन परिणाम वेगळे करायचे तर आमंत्रणात रकमेचा उल्लेख न करता होकार घ्यावा आणि होकार दिलेल्यांपैकी यादृच्छिक निम्म्यांना सुरुवातीपूर्वी भेट द्यावी. मग दोन्ही गटांत सारखेच लोक असतात आणि जो फरक दिसेल तो वागण्यातला.

काळजीची मोजमापे सगळी अप्रत्यक्ष आहेत : कोरे प्रश्न, ‘माहीत नाही’ची संख्या, एका खाली एक तोच पर्याय निवडत जाणे, लागलेला वेळ, मोकळ्या उत्तराची लांबी. मेडवे आणि टूरँज्यू यांनी २०१५ मध्ये फोनवरील सर्वेक्षणात ५ डॉलर आगाऊ देऊन अशी अनेक मोजमापे तपासली. फरक दोनच ठिकाणी आढळला : कोरे प्रश्न कमी झाले आणि मुलाखत लवकर संपली. पहिले चांगले लक्षण, दुसरे संशयास्पद. वेळेवरून घाई ओळखता येते, पण सहकार्य करणारा माणूसही झटपट उत्तरे देतो, म्हणून हे मोजमाप एकट्याने काही सिद्ध करत नाही. आगाऊ छोट्या रकमेने उत्तरांचा दर्जा बिघडतो, याला उपलब्ध प्रयोगांत फारसा आधार नाही.

सशर्त प्रोत्साहनाची गोष्ट वेगळी. तिथे बक्षीस उत्तरांना नसते, शेवटचे बटण दाबण्याला असते. इंटरनेटवर नोट पाकिटात घालता येत नाही, म्हणून हाच प्रकार जास्त चालतो. आन्या ग्योरित्स यांच्या २००६ च्या आढाव्यानुसार इंटरनेटवरील सर्वेक्षणांत प्रोत्साहनाने सर्वेक्षण सुरू करणारे आणि न करणारे यांचे गुणोत्तर १९ टक्क्यांनी वाढते, म्हणजे परिणाम आहे, पण बेताचा. दुवा सर्वांना खुला असेल तर एकच माणूस अनेकदा उत्तरतो. ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या असतात : काही मिनिटांत आलेला उत्तरांचा लोंढा, शेवटचा अंकच बदललेले ईमेल पत्ते, मोकळ्या उत्तरांत शब्दशः तेच वाक्य.

याहून लपून राहणारी चूक पात्रतेच्या प्रश्नात होते. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असे विचारून ‘नाही’ म्हणणाऱ्याला लगेच बाहेर काढले, की कोणते उत्तर पैसे देते हे उघड होते. मग एकूण लोकसंख्येत जितके मधुमेही आहेत त्याच्या कितीतरी पट जास्त या सर्वेक्षणात ‘पात्र’ ठरतात. हा फुगवटा इतर कोणत्याही खुणेआधी दिसतो, म्हणून प्रथम तोच तपासावा. त्यावरचा उपाय म्हणजे आठ-दहा आजारांची यादी देऊन लागू असतील त्यांवर खूण करायला सांगणे, यादीत अस्तित्वातच नसलेला एक आजार घालणे, आणि सर्वेक्षण कोणत्या आजाराविषयी आहे हे ती यादी भरून होईपर्यंत न सांगणे.