सौर प्रकल्पातील दैनिक अपेक्षित निर्मिती आणि घटीचे दिवस

सौर प्रकल्पाने दिवसभरात मीटरवर नोंदवलेली वीज आणि त्या दिवशीच्या ऊन व तापमानावरून काढलेली अपेक्षित वीज यांची तुलना करून, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी निर्मितीचे दिवस तपासणीसाठी वेगळे काढण्याची ही पद्धत आहे. नुसत्या युनिटांवरून असा निर्णय करता येत नाही, कारण ढगाळ दिवशी निर्दोष प्रकल्पही थोडीच वीज देतो.

विदर्भात उन्हाळ्याचा हिशेब विशेष जपून करावा लागतो. मे महिन्यात ऊन भरपूर असले तरी हवा ४५ अंशांवर गेली की पॅनेलचे तापमान सहज ६५ अंशांपुढे जाते, आणि पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असल्यामुळे सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये पुढच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के निर्मिती घटते. ही घट हिशेबात धरली नाही, तर जवळजवळ सगळा मे महिनाच दोषी ठरतो.

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावालगत २,००० किलोवॉट क्षमतेच्या पॅनेलचा प्रकल्प आहे, असे समजू. मे महिन्यातील एका दिवशी पॅनेलच्या पातळीत दर चौरस मीटरवर ६.५ युनिट ऊन पडले. उष्णतेची घट १२ टक्के आणि तारा, इन्व्हर्टर, नेहमीची धूळ इत्यादींची १० टक्के धरल्यास अपेक्षित निर्मिती सुमारे १०,३०० युनिट येते. मीटरवर मात्र ८,७०० युनिटच दिसले. गुणोत्तर ०.८४ झाले आणि ०.९० ही मर्यादा ठेवली असल्याने दिवस घटीचा ठरला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी पाहिल्यावर भर दुपारी सुमारे सत्तर मिनिटे सर्वच इन्व्हर्टर शून्यावर आढळले, म्हणजे उपकेंद्राकडील फीडर बंद होता. त्या वेळात साधारण १,४०० किलोवॉटने मिळाली असती अशी वीज जवळपास १,६०० युनिट भरते, त्यामुळे जवळजवळ सर्व घट प्रकल्पाबाहेरची ठरते. एकच इन्व्हर्टर शून्यावर असता, तर शोध प्रकल्पाच्या आतच घ्यावा लागला असता.

धुळीची घट अशी एका दिवसात दिसत नाही. कच्च्या रस्त्यांची व पीककाढणीची धूळ बसत गेल्याने गुणोत्तर आठवड्यामागून आठवडा उतरते, मर्यादा न ओलांडताही नुकसान होत राहते आणि चांगल्या पावसानंतर ते एकदम सावरते. म्हणून रोजच्या मर्यादेसोबत काही आठवड्यांचा कलही पाहावा लागतो. यात एक फसवणूक दडलेली असते. ऊन मोजणाऱ्या पायरानोमीटरची काच पॅनेलइतकीच मळली, तर अपेक्षित आकडाही तेवढाच खाली येतो आणि गुणोत्तर निष्कलंक दिसते. अशा वेळी आधी फक्त ती काच पुसावी. स्वच्छ आकाशाच्या लागोपाठच्या दोन दिवसांत उन्हाची नोंद अचानक वाढून गुणोत्तर पडले, तर धुळीची घट तोपर्यंत मोजलीच जात नव्हती असे समजावे.