आता चाकच हलवत नाही : हट्टी बसच्या पालुपदातल्या सोळा मात्रा

दर रविवारी सकाळी आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत मी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवते. त्यांच्यासाठी मी ठमीची गोष्ट लिहिली. ठमी म्हणजे पेठांमधून फिरणारी एक छोटी बस. स्वारगेटहून निघून बाजीराव रस्त्याने शनिवारवाड्याकडे जायचं असतं, पण ती वाटेत तीनदा अडून बसते. सारसबागेपाशी, शनिपारापाशी आणि शेवटी थेट शनिवारवाड्यासमोर. अडली की दर वेळी एकच वाक्य म्हणते. पहिल्या खर्ड्यात ते असं होतं : "मी आज इथून अजिबात हलणार नाही!"

मुलांनी गोष्ट शांतपणे ऐकली. पण वाक्य तिसऱ्यांदा आलं तरी माझ्याबरोबर कुणीच म्हटलं नाही. पुढच्या रविवारी गोष्ट तीच ठेवली, वाक्य तेवढं बदललं :

आता चाकच हलवत नाही,
नाही म्हणजे नाही नाही!

शनिपारापाशी तीन-चार आवाज आले, शनिवारवाड्यासमोर सगळे. मुलांनी गोष्ट आधी एकदा ऐकलेली होती, तेव्हा हा काही नीट प्रयोग नव्हे. तरी दोन वाक्यांतला फरक मोजून दाखवता येतो.

शाळेत वृत्तं शिकताना आपण लघू अक्षराची एक आणि गुरू अक्षराची दोन मात्रा धरायचो. त्या हिशेबाने माझ्या पहिल्या वाक्यातले शब्द अनुक्रमे दोन, तीन, चार, पाच, पाच आणि चार मात्रांचे आहेत. एकूण तेवीस. त्यावर टाळी धरून पाहा. ती कधी शब्दाच्या सुरुवातीला पडते, कधी मध्येच. नव्या पालुपदात 'आता' चार, 'चाकच' चार, 'हलवत' चार, 'नाही' चार, आणि दुसऱ्या ओळीत पुन्हा चार-चार-चार-चार. एका ओळीच्या सोळा मात्रा, म्हणजे आठ-आठची दोन आवर्तनं. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना'त या आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्म म्हटलं आहे. तबलजी त्यावर सहज केहरवा धरतील. प्रत्येक टाळी शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर पडते, त्यामुळे नवा शब्द कधी सुरू होणार हे मुलाच्या हाताला आधीच कळतं.

इथे मराठीची एक खोच आहे. कागदावरची मात्रा आणि तोंडातली मात्रा नेहमी जुळत नाही, कारण बोलताना आपण कितीतरी 'अ' गिळतो. 'हलवत' लिहिताना चार लघू अक्षरं, पण बोलताना 'हल्-वत्' असे दोन जड ठोके. 'चाकच' म्हणजे 'चा-कच्', 'म्हणजे' म्हणजे 'म्हण्-जे'. या पालुपदातले आठही शब्द तोंडात दोन-दोन ठोक्यांचेच होतात. 'हलणार' मात्र 'हल्-णार्' होतो आणि त्या 'णार्'ला ठरलेल्या जागेपेक्षा थोडी जास्त जागा लागते. आधी मी तोच शब्द इथे ठेवला होता. कागदावर एकच मात्रा जास्त होती, पण मोठ्याने म्हणताना माझी मीच दर वेळी अडखळत होते. म्हणून मुलांची गोष्ट लिहिणाऱ्याने मात्रा बोटांवर मोजण्यापेक्षा मांडीवर ठेका धरून मोजाव्यात, असं मला वाटतं.

ठेक्याची ही जाण मुलांना शिकवावी लागत नाही. इस्तवान विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झोपलेल्या नवजात बाळांना ड्रमचा एक ठेका ऐकवला आणि त्यांच्या डोक्याला लावलेल्या तारांनी मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या. मधूनच समेचा ठोका गाळला, की लहरी बदलायच्या. बिनमहत्त्वाचा ठोका गाळला तर तसा बदल दिसत नसे. आवाज कुठे यायला हवा होता, याचा अंदाज बाळाच्या मेंदूने आधीच बांधलेला होता.

वाचणाऱ्याने या अंदाजावरच भिस्त ठेवायची. शनिपारापाशी मी "नाही म्हणजे नाही..." एवढंच म्हणते आणि थांबते. तोंड बंद, पण मांडीवरची थाप चालू. पुढची थाप पडते त्याच क्षणी शेवटचा 'नाही' मुलांकडून येतो. थाप थांबवली तर ही जागा निसटते. दोन मुलं लवकर म्हणतात, एक उशिरा, आणि बाकीची माझ्या तोंडाकडे बघत राहतात. थांबा किती लांब हवा, हे ठेकाच ठरवतो.

अशा थांब्यावर अभ्यासही झाला आहे. कर्स्टन रीड यांनी लहान मुलांना यमकातल्या गोष्टी वाचून दाखवल्या. त्यांत काल्पनिक राक्षसांची नवीकोरी नावं होती. नाव यमकाच्या जागी, म्हणजे आधीच्या ओळीवरून ओळखता येईल असं आलं आणि वाचणारी व्यक्ती त्याआधी क्षणभर थांबली, तेव्हा मुलांच्या ते जास्त चांगलं लक्षात राहिलं. आता ठमीकडे पाहा. 'नाही' हा शब्द मुलांना आधीच येतो, त्यामुळे तिथे थांबून नवीन शब्द शिकवला जात नाही. गोष्टीत पुढे येणारा 'रेडिएटर' शिकवायचा असेल तर तोच ओळीच्या शेवटी, थांब्यानंतर यायला हवा. सगळी मुलं जोरात पालुपद म्हणाली म्हणजे गोष्टीतले बाकीचे शब्दही समजले, असं धरून चालू नये. ही चूक मी बरेच दिवस केली.

बाकीचे शब्द रुजायला तीच गोष्ट पुन्हा वाचावी लागते. जेसिका हॉर्स्ट यांच्या गटाने 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांबरोबर हे तपासलं. काही मुलांना एका आठवड्यात तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली, तर काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवीन शब्द मात्र दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना ते शब्द जास्त आठवले. पुढे काय होणार हे माहीत असलं की उरलेलं लक्ष नव्या शब्दाकडे जातं, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. म्हणून "तीच गोष्ट सांग ना" या हट्टाला माझा तरी नकार नसतो.

पण पालुपद सतत जसंच्या तसं आलं तर चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत मुलं ते नुसतं ओरडू लागतात, गोष्ट कुणी ऐकत नाही. म्हणून ठमीला मी तीनदाच अडवलं. शनिवारवाड्यासमोर ड्रायव्हरकाकांच्या लक्षात येतं की ही हट्टी नाही, तहानलेली आहे. ते रेडिएटरमध्ये पाणी ओततात आणि ठमी नव्या पुलाकडे सुसाट निघते. तेव्हा ती म्हणते :

आता चाकच थांबत नाही,
नाही म्हणजे नाही नाही!

बदलला तो एकच शब्द. 'हलवत'च्या जागी 'थांबत'. मात्रा चारच, बोलताना 'थाम्-बत्' असे दोनच ठोके, त्यामुळे ठेका जराही हलत नाही. वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला की सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक लहर उठते, हे मार्था कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी 1980 मध्ये मोठ्या माणसांवर दाखवलं होतं. पुढच्या संशोधनात दिसलं की शब्द अर्थाने चुकीचा नसला, नुसता अनपेक्षित असला, तरी ती लहर वाढते. ठेकाही बदलला असता, तर नेमकं काय वेगळं झालं ते मुलांना कळलं नसतं. ठेका तसाच राहिला म्हणून सगळं लक्ष त्या एका शब्दावर जातं.

पहिल्यांदा हा शेवट वाचला तेव्हा पुढे बसलेली चार वर्षांची मुलगी ठरल्याप्रमाणे जोरात 'हलवत' म्हणाली, मी 'थांबत' म्हणाले, आणि तिचा हात थाप देता देता हवेतच राहिला.

"काकू, चुकलं तुमचं!"

मी काही बोलायच्या आत तिचा भाऊ म्हणाला, "अगं नाही. ती आता पळतेय."