दोन दुकानांची गुप्त संख्या ठरते कशी?
(दोन शाखा जोडून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

म्हापशाच्या आणि मडगावच्या दुकानांत राउटर बसवून झाले की हमखास प्रश्न येतो: "गुप्त किल्ली इकडून तिकडे पाठवली कशी? वाटेत कोणी वाचली तर?" दुकानांमधले निरोप बंद करणारी ही किल्ली म्हणजे एक गुप्त संख्या, आणि ती पाठवलीच जात नाही. दोन्ही राउटर ती आपापल्या जागी काढतात. ही रीत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. लहान आकडे घेतले तर ती कॅल्क्युलेटरवरही करून पाहता येते.

मूळ संख्या २९ आणि पाया २, हे दोन आकडे सगळ्यांना माहीत असले तरी चालतात. म्हापसा मनात ५ धरतो. २ चा ५ वा घात ३२, त्याला २९ ने भागून बाकी ३. हा ३ तो उघड पाठवतो. मडगाव मनात १२ धरतो. २ चा १२ वा घात ४०९६, बाकी ७. तोही उघड जातो.

आता म्हापसा आलेल्या ७ चा ५ वा घात घेतो: १६८०७, बाकी १६. मडगाव आलेल्या ३ चा १२ वा घात घेतो: ५३१४४१, बाकी पुन्हा १६. हीच दोघांची गुप्त किल्ली. दोघांनीही शेवटी २ चा ६० वा घातच काढला, फक्त उलटसुलट क्रमाने.

चोरून ऐकणाऱ्याकडे ३ आणि ७ आहेत, पण त्यांचा गुणाकार २१ येतो, १६ नव्हे. त्याला मनातला घातच शोधावा लागतो. इथे ते सोपं आहे: २, ४, ८, १६, ३, पाचव्या पायरीला ५ सापडला! म्हणून खऱ्या जोडणीत मूळ संख्या, उदाहरणार्थ, २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी घेतात. तेवढ्या संख्येतही घात चटकन काढता येतो. बाकीवरून घाताकडे परतायची, नेहमीच्या संगणकावर चालेल अशी झटपट वाट मात्र अजून कोणी प्रसिद्ध केलेली नाही.

खरा धोका वेगळाच आहे. नुसतं न ऐकता कोणी मधे बसला आणि ३ व ७ अडवून दोन्हीकडे आपला ८ पाठवला (त्याच्या मनात ३, २ चा ३ रा घात ८), तर म्हापशाला २७ मिळतो आणि मडगावला २४. त्याला दोन्ही काढता येतात, म्हणून तो इकडचा निरोप उघडून, वाचून, पुन्हा बंद करून तिकडे देतो. दुकानांत सगळं सुरळीत चाललेलं दिसतं. कितीही मोठी मूळ संख्या घेतली तरी हा डाव अडत नाही.

तो पकडायचा तर म्हापशातून निघालेला ३ मडगावात ३ म्हणूनच पोचला का, एवढंच तपासायचं. यासाठी आमचा माणूस जोडणीच्या दिवशी दोन्ही राउटरच्या उघड किल्ल्यांचे, म्हणजे ३ आणि ७ सारख्या उघड पाठवलेल्या संख्यांचे, फिंगरप्रिंट, म्हणजे त्यांच्यावरून काढलेली अक्षरांची छोटी ओळखखूण, तुम्हांला फोनवर एकमेकांना वाचून दाखवायला सांगतो. आवाज ओळखीचा हवा, म्हणून हे काम तुम्हीच करायचं. समोरच्याने वाचलेला त्याच्या राउटरचा फिंगरप्रिंट आणि तुमच्याकडे पोचलेल्या त्याच्या किल्लीचा फिंगरप्रिंट यांत एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी जोडणी तिथेच थांबवा. फिंगरप्रिंट गुप्त नसतो, तो फोनवर बिनधास्त वाचा. राउटर बदलला किंवा रीसेट केला की किल्लीही बदलू शकते. तेव्हा पडताळणी पुन्हा करा.